२०० मिमीचा पाइप, भिंतीपासून १० मिमी आत: एडी व्हिस्कॉसिटी नक्की किती?

फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात एडी व्हिस्कॉसिटीवर एक डेफिनिशन येते, मिक्सिंग लेंथवर एक शॉर्ट नोट येते, दोन्ही पाठ करून मार्क मिळतात आणि विषय संपतो. पण समोर खरा पाइप ठेवला आणि विचारलं की बाबा इथे, या जागी, दोन थरांमध्ये शिअर स्ट्रेस किती आणि तो नेमका आला कुठून, तर बरेच जण अडकतात. म्हणून एकच केस घेतो आणि शेवटपर्यंत ओढतो.

केस अशी. सरळ, आतून गुळगुळीत पीव्हीसी पाइप, आतला व्यास २०० मिमी. पाणी साधारण २० अंशाचं, सरासरी वेग २ मीटर पर सेकंद, म्हणजे डिस्चार्ज जवळजवळ ६३ लिटर पर सेकंद. पंपापासून आणि बेंडपासून बरंच लांब, १० मीटर अंतरावर दोन प्रेशर टॅपिंग आहेत आणि त्यांच्यात पाण्याचा १४ सेंमी हेड पडतो. शिवाय एक पिटो ट्यूब आहे जी भिंतीपासून मध्यापर्यंत सरकवता येते. आकडे मी गुळगुळीत पाइपच्या नेहमीच्या फ्रिक्शनच्या आणि लॉगरिदमिक प्रोफाइलच्या नियमावरून बसवलेत, त्यामुळे ते जरा जास्तच सुबक वाटतील, खरी रीडिंग्ज इतकी शहाण्यासारखी वागत नाहीत, त्याबद्दल खाली बोलूच.

आधी जे टर्ब्युलन्सशिवाय कळतं ते काढून घेऊ. १४ सेंमी म्हणजे साधारण १३७० पास्कल. हे प्रेशर पाइपच्या काटछेदावर ढकलतंय आणि १० मीटर लांबीच्या आतल्या भिंतीचं घर्षण त्याला अडवतंय, पाण्याचा वेग पुढे वाढत नाहीये, म्हणजे दोन्ही फोर्स सारखे. सोडवलं की भिंतीवरचा शिअर स्ट्रेस येतो ६.८५ पास्कल. आता हाच बॅलन्स अख्ख्या पाइपऐवजी आतल्या एखाद्या छोट्या सिलिंडरला लावा, तर दिसतं की स्ट्रेस मध्याकडे सरळ रेषेत कमी होत जातो, भिंतीवर ६.८५, १० मिमी आत ६.१७, ५० मिमी आत ३.४३ आणि बरोब्बर मध्यावर शून्य. इथपर्यंत फ्लो लॅमिनार आहे का टर्ब्युलंट, पाणी आहे का तेल, काही विचारलेलं नाही. नुसता न्यूटन आहे. फक्त एक अट, फ्लो फुल्ली डेव्हलप्ड पाहिजे. व्हॉल्व्हनंतर लगेच पिटो घुसवून कोणी हा सरळ रेषेचा नियम लावला तर पुढचं सगळंच गणित वाया, कारण तिथे प्रोफाइल अजून बदलत असतं आणि प्रेशरचा काही भाग वेगाची मांडणी बदलण्यातच खर्च होतो. या व्यासाला निदान ५० व्यास, म्हणजे १० मीटर सरळ लांबी आधी असावी.

आता गंमत बघा. हाच पाइप, हाच डिस्चार्ज, आणि फ्लो लॅमिनार असता तर भिंतीवरचा स्ट्रेस आला असता फक्त ०.०८ पास्कल. प्रत्यक्षात ६.८५ आहे, म्हणजे ८५ पटीहून जास्त. पाण्याची व्हिस्कॉसिटी तर तीच आहे. इथे रेनॉल्ड्स नंबर ४ लाख आहे, म्हणजे लॅमिनारचा प्रश्नच नाही, पण हा फरक आला कुठून हे बघायला भिंतीपासून आत जावं लागतं.

१० मिमी आत जाऊ. पिटोनुसार तिथे वेग १.८५ मीटर पर सेकंद, आणि वेगाचा उतार, म्हणजे du/dy, साधारण २०.७ प्रति सेकंद. न्यूटनचा व्हिस्कॉसिटीचा नियम लावा, ०.००१ गुणिले २०.७, उत्तर ०.०२१ पास्कल. पण बॅलन्स म्हणतो तिथे ६.१७ पास्कल असायलाच हवेत. म्हणजे पाण्याच्या रेणूंची स्वतःची चिकटाई जेमतेम तीनशेवा भाग उचलतेय आणि बाकी सगळा स्ट्रेस दुसरंच कोणीतरी वाहून नेतंय.

ते दुसरं कोणी म्हणजे पाण्याची वर-खाली होणारी ढवळ. भिंतीकडच्या थरातला एक लहानसा गोळा उसळून आतल्या, जास्त वेगाच्या थरात गेला, तर तो तिथल्यापेक्षा हळू आहे, तो त्या थराला मागे खेचतो. उलट आतला वेगवान गोळा भिंतीकडे आला तर तो तिथल्या थराला पुढे ढकलतो. दोन्ही वेळा परिणाम एकच, वेगवान थराचा मोमेंटम कमी होतो आणि हळू थराला तो मिळतो, आणि मोमेंटमची अशी देवाणघेवाण म्हणजेच शिअर स्ट्रेस. थरांमध्ये घासणं काही होत नाहीये, माल इकडून तिकडे जातोय. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८९५ मध्ये वेगाचे सरासरी आणि चढउतार असे दोन तुकडे करून हे समीकरणात दाखवलं. भिंतीपासून दूर जाणारा गोळा हळू आणि भिंतीकडे येणारा वेगवान असल्यामुळे पुढच्या दिशेचा चढउतार u' आणि आडव्या दिशेचा v' यांच्या गुणाकाराची सरासरी निगेटिव्ह येते, म्हणून पुढे वजा चिन्ह लावून स्ट्रेस पॉझिटिव्ह मिळतो:

```
tau_t = - rho * mean(u' v')
```

अडचण अशी की हा u'v' चा सरासरी गुणाकार आपल्याला माहीत नसतो. पिटो ट्यूब तो मोजूच शकत नाही, ती फक्त सरासरी वेग देते. मग तो सरासरी वेगातूनच कसातरी काढावा लागतो, आणि सगळी मॉडेलं या एका गरजेतून जन्माला आलीत.

पहिली युक्ती त्याही आधीची, बूसिनेस्कची, १८७७ ची. त्याचं म्हणणं साधं, टर्ब्युलंट स्ट्रेसही du/dy च्या प्रमाणात आहे असं धरा आणि मधला जो गुणक लागेल त्याला वेगळी व्हिस्कॉसिटी म्हणा. आपल्या केसमध्ये १० मिमीवर ६.१७ भागिले २०.७, म्हणजे जवळजवळ ०.३ पास्कल-सेकंद. पाण्याच्या खऱ्या व्हिस्कॉसिटीच्या ३०० पट. झाली एडी व्हिस्कॉसिटी.

पण हा आकडा कुठेतरी लिहून ठेवण्यासारखा आहे का? ५० मिमीवर जाऊन बघू. तिथे स्ट्रेस ३.४३, वेगाचा उतार साधारण ४.१, म्हणजे एडी व्हिस्कॉसिटी ०.८३. त्याच पाइपात, त्याच पाण्यात, ४० मिमी आत सरकलो तर पावणेतीन पट झाली. पंप वाढवून वेग ४ मीटर पर सेकंद केला तर १० मिमीवरची किंमतही जवळजवळ दुप्पट होईल, तापमान तेच, पाणी तेच. म्हणजे ही पाण्याची प्रॉपर्टी नाहीच, ती फ्लोची प्रॉपर्टी आहे, जागेनुसार आणि वेगानुसार बदलणारी. टेबलमध्ये बघून घालायची गोष्ट नाही. बूसिनेस्कने अज्ञात स्ट्रेसच्या जागी अज्ञात गुणक आणून ठेवला एवढंच, पण आता निदान कोणत्या गोष्टीचा अंदाज बांधायचा हे तरी कळलं.

तो अंदाज बांधला प्रांटलने, ग्योटिंगेनमध्ये, १९२५ साली. त्याने वायूंच्या कायनेटिक थिअरीकडे बघितलं, तिथे रेणू दोन टकरींच्या मध्ये सरासरी जेवढं अंतर जातो त्यावरून व्हिस्कॉसिटी निघते. तसंच इथे धरायचं की पाण्याचा गोळा आपला मूळ वेग घेऊन l एवढं अंतर आडवा जातो आणि मग आजूबाजूला मिसळून जातो. एवढं अंतर गेल्यावर त्याच्यात आणि नव्या थरात वेगाचा फरक किती? l गुणिले du/dy. हाच u' चा अंदाज. आणि v' पण त्याच मापाचा, कारण दोन गोळे एकमेकांवर आले की मधलं पाणी बाजूला सरकायलाच लागतं आणि दूर गेले की रिकामी जागा भरायला आडवं पाणी येतं. दोन्ही गुणले, आणि nu_t म्हणजे एडी व्हिस्कॉसिटी भागिले घनता:

```
tau_t = rho * l^2 * |du/dy| * du/dy
nu_t  = l^2 * |du/dy|
```

मॉड्युलस चिन्हासाठी आहे, उतार उलटा झाला तर स्ट्रेसही उलटा व्हावा म्हणून. नुसता वर्ग लिहून पुढे जाणारे बरेच दिसतात, पाइपच्या एका बाजूला चालून जातं, दोन भिंतींमधल्या फ्लोत मात्र अर्ध्या भागात चिन्ह चुकतं.

आपल्या पाइपमध्ये l काढू. १० मिमीवर स्ट्रेस भागिले घनता, त्याचं वर्गमूळ, ०.०७८५ मीटर पर सेकंद. त्याला २०.७ ने भागलं की l येतो ३.८ मिमी. आता वेग दुप्पट करून बघा, वर्गमूळही वाढतं आणि उतारही त्याच प्रमाणात वाढतो, भागाकार तोच राहतो, ३.८ मिमी. म्हणजे एडी व्हिस्कॉसिटी वेगाबरोबर पळते, मिक्सिंग लेंथ मात्र जागच्या जागी. मला या मॉडेलचा खरा फायदा हाच वाटतो, अज्ञात गोष्ट आता भूमितीवर अवलंबून आहे आणि भूमिती आपल्याला दिसते. भिंतीपाशी सगळ्यात साधा अंदाज म्हणजे l हा भिंतीपासूनच्या अंतराच्या प्रमाणात, गोळ्याला भिंतीच्या पलीकडे जाता येत नाही म्हणून. गुणक ०.४, त्याला फॉन कार्मानचं नाव आहे, १० मिमीला ०.४ ने गुणलं तर ४ मिमी. आपल्याला ३.८ आले होते. निकुराड्झेने गुळगुळीत पाइपांच्या मोजमापांवर जे सूत्र बसवलं होतं त्यात याच जागेला साधारण ३.६ येतात. वाईट नाही.

५० मिमीवर मात्र हा साधा नियम ढेपाळतो. ०.४ गुणिले ५० म्हणजे २० मिमी, आपल्या बॅलन्समधून निघतात १४, आणि निकुराड्झेचं सूत्र देतं साधारण ११.६. म्हणजे भिंतीपासून जसजसं लांब जावं तसतसं l वाढायचं थांबतं, पाइपच्या मध्यापाशी ते त्रिज्येच्या १४ टक्क्यांवर येऊन टेकतं, आपल्याकडे १४ मिमी. म्हणून ०.४y हा नियम भिंतीपासून त्रिज्येच्या पहिल्या १०-१५ टक्क्यांपुरताच वापरावा, त्यापुढे नाही. गमतीची गोष्ट अशी की त्यातून निघणारं लॉगरिदमिक वेगाचं प्रोफाइल जवळजवळ मध्यापर्यंत बरं जुळतं, कारण स्ट्रेस कमी होणं आणि l चं मंदावणं या दोन गोष्टी एकमेकींना बऱ्यापैकी झाकून टाकतात. वेगाचा आलेख जुळला म्हणून l बरोबर आहे असं अजिबात समजू नये. माझ्या मते या विषयातली सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते.

गोळ्याची गोष्ट शब्दशः घ्यायचीही गरज नाही. कायनेटिक थिअरीत रेणूचं मुक्त अंतर हे वेग बदलायच्या अंतरापेक्षा कितीतरी लहान असतं, म्हणून तिथे नुसता स्थानिक उतार पुरतो. इथे भिंतीपासून १० मिमीवर l जवळजवळ ४ मिमी आहे, एवढ्या अंतरात उतार स्वतःच केवढा बदलतो! शिवाय मॉडेलचा u' येतो ०.०८ च्या आसपास, खऱ्या पाइपात याच जागी पुढच्या दिशेचे चढउतार साधारण त्याच्या दुप्पट असतात, पण u' आणि v' पूर्णपणे एका तालात नसल्यामुळे गुणाकाराची सरासरी परत तेवढ्यावरच येते. म्हणजे l मध्ये ही सगळी तडजोड आधीच मुरलेली आहे. प्रांटलला स्वतःलाही हे ढोबळ अंदाजापलीकडे वाटत नव्हतं.

आता प्रत्यक्ष मोजताना काय होतं ते. ही सगळी गणितं du/dy वर उभी आहेत आणि du/dy मोजता येत नाही, तो दोन रीडिंगच्या वजाबाकीतून काढावा लागतो. १० मिमीचा उतार हवा म्हणून ८ आणि १२ मिमीवर रीडिंग घेतली, वेग १.८०० आणि १.८८४, फरक आला फक्त ०.०८४. पिटोच्या वेगात एक टक्का चूक धरली, जी काही फार वाईट नाही, तर प्रत्येक रीडिंगमध्ये ०.०१८ चा गोंधळ, दोघांचा मिळून साधारण ०.०२५, म्हणजे फरकातच ३० टक्के चूक. एडी व्हिस्कॉसिटीत ती ३० टक्के चूक जशीच्या तशी उतरते. मग रिपोर्टमध्ये एका पॉइंटला २५०, पुढच्याला ४००, त्याच्या पुढच्याला परत २९० पट असं काहीतरी येतं आणि लोक त्यावर "टर्ब्युलन्स रँडम असतो" असं कन्क्लुजन लिहितात. टर्ब्युलन्सचा यात काही दोष नाही, वजाबाकीचा आहे.

यातून सुटका अशी की वेग आणि अंतराचा लॉग यांचा आलेख काढायचा, भिंतीजवळचे पाच-सहा पॉइंट त्यावर सरळ रेषेत येतात, आणि त्या एका रेषेच्या उतारातून भिंतीजवळच्या भागातला du/dy काढायचा. आपल्या पाइपात नॅचरल लॉग घेतला तर रेषेचा उतार ०.२०७ मीटर पर सेकंद येतो, त्याला y ने भागलं की त्या जागचा du/dy. वर एक फुकटची तपासणीही मिळते, ०.२०७ ला ०.४ ने गुणलं की ०.०८३, ही शिअर व्हेलॉसिटी, आणि प्रेशर ड्रॉपमधून आलेल्या ६.८५ पास्कलला घनतेने भागून वर्गमूळ घेऊनही ०.०८३च यायला हवी. दोन्ही जुळली नाहीत तर आधी टॅपिंगची भोकं बघा, काठावर ड्रिलिंगची बर, म्हणजे उचललेली कड, असेल तर प्रेशर चुकतं, आणि मग पिटोच्या तोंडाचा शून्य खरंच भिंतीवर आहे का ते बघा. अर्ध्या मिमीची चूक मध्यावर कोणाला कळत नाही, भिंतीजवळ मात्र रेषा वाकडी करते.

अगदी भिंतीला खेटून गेलं की मॉडेल आणखी एका ठिकाणी चुकतं. नुसतं l = 0.4y ठेवून पाण्याची स्वतःची व्हिस्कॉसिटी सोडून दिली तर भिंतीवर उतार अनंत येतो. खरा उतार अनंत नाही, भिंतीवर u' आणि v' दोन्ही शून्य, म्हणजे सगळा ६.८५ पास्कल साध्या व्हिस्कॉसिटीने उचलायचा, उतार ६८५० प्रति सेकंद. लॅमिनारमध्ये तो ८० असता. सुरुवातीचं ८५ पटीचं कोडं इथे सुटतं: मधल्या भागातली ढवळ वेगवान पाणी भिंतीच्या इतक्या जवळ आणून ठेवते की उरलेला सगळा उतार एका केसाएवढ्या जाडीत कोंबला जातो. आपल्या पाइपात ती जाडी साधारण ०.०६ मिमी. तिथून साधारण ०.३६ मिमीपर्यंत दोघांची खिचडी असते आणि त्यापुढे ढवळच ढवळ.

या मधल्या पट्ट्यासाठी व्हॅन ड्रीस्टने १९५६ मध्ये l ला एक ब्रेक लावला:

```
l = 0.4 * y * (1 - exp(-y_plus / 26))
```

यात y_plus म्हणजे y गुणिले शिअर व्हेलॉसिटी भागिले कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी, आपल्याकडे १ म्हणजे ०.०१२ मिमी. y_plus १० वर, म्हणजे ०.१२ मिमीवर, हा ब्रेक लावून व्हिस्कॉसिटीसकट समीकरण सोडवलं तर ढवळीचा वाटा येतो ४६ टक्क्यांच्या आसपास. ब्रेकशिवाय ७८ टक्के येतो, भिंतीच्या इतक्या जवळ एवढी ढवळ शक्यच नाही. पिटो इथे पोचत नाही, तिचं तोंडच या थरापेक्षा जाड असतं, त्यामुळे कोणी ०.१ मिमीवरचं पिटो रीडिंग दाखवलं तर नम्रपणे मान डोलवावी.

दुसरं टोक मध्याचं. सिमेट्रीमुळे तिथे du/dy शून्य, मग nu_t = l²|du/dy| पण शून्य, म्हणजे मॉडेल सांगतं की पाइपच्या अगदी मधोमध ढवळच नाही. मध्यावर रंगाचा थेंब सोडला तर तो झपाट्याने पसरतो, तेव्हा हे उघडच खोटं आहे. स्ट्रेससाठी याने बिघडत नाही, स्ट्रेस तिथे तसाही शून्य आहे. पण हीच nu_t घेऊन उष्णता किंवा क्लोरीन मिसळण्याचा हिशोब केला तर मध्यावर एक खोटी भिंत उभी राहते. मोजमापांत आतल्या अर्ध्या भागात एडी व्हिस्कॉसिटी जवळजवळ सपाट राहते, शिअर व्हेलॉसिटी गुणिले त्रिज्या याच्या साधारण ०.०७ पट, आपल्या पाइपात म्हणजे पाण्याच्या कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटीच्या ५५०-६०० पट. म्हणून मिसळण्याचा हिशोब असेल तर मध्यभागात सरळ हा आकडा ठेवावा. वर ५० मिमीला आपल्याला ८३० पट आले होते ते लॉग प्रोफाइलच्या उतारामुळे जास्त आले, मध्याकडे लॉगचा उतार खऱ्यापेक्षा कमी पडतो आणि छेदात बसून उत्तर फुगवतो.

पाइप जुना, खरबरीत असेल तर ०.०६ मिमीच्या थराचा हिशोब कोलमडतो, कारण खडबडीचे उंचवटेच त्यापेक्षा मोठे असतात, तिथे व्हॅन ड्रीस्ट लावायचा नाही. मात्र भिंतीपासून थोडं दूर l = 0.4y तसंच चालतं, फक्त लॉगची रेषा खाली सरकते, तिचा उतार स्ट्रेसप्रमाणे बदलतो आणि ०.४ तोच राहतो.

आणि एक केस अशी आहे जिथे काहीच जुळवून घेता येत नाही: दोन पाट्यांमधला फ्लो, एक पाटी गुळगुळीत, दुसरी खडबडीत. तिथे सगळ्यात जास्त वेगाची जागा आणि शून्य स्ट्रेसची जागा वेगवेगळी निघते. खडबडीत बाजूची जोरदार ढवळ आपला स्ट्रेस वेगाच्या शिखरापलीकडे घेऊन जाते, म्हणजे मधल्या एका अरुंद पट्टीत स्ट्रेसचं चिन्ह du/dy च्या उलट. तिथली एडी व्हिस्कॉसिटी काढायला गेलात तर निगेटिव्ह येते, आणि शिखरावर शून्याने भागावं लागतं म्हणून अनंत. l किती घ्यायचा हा प्रश्न तिथे उरतच नाही, l² कधी निगेटिव्ह होत नसतो. तिथे u'v' साठी वेगळं समीकरण सोडवणारी रेनॉल्ड्स स्ट्रेस मॉडेलं लागतात.